गेम कमी रिझोल्युशनवर चालवताय? मग या चुका टाळा

गेमचं छोटं चित्र पूर्ण पटीत मोठं करणाऱ्या इंटिजर स्केलिंगचा व्हिडिओ बघायचा, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन सेटिंग ऑन करायचं आणि दहा मिनिटांत "मॉनिटर खराब आहे" म्हणून मोकळं व्हायचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भागाकार न करणं. माझ्या भाच्याने २७ इंची १४४०पी मॉनिटर घेतला, कार्ड जुनंच, म्हणून गेम १०८०पीवर लावला आणि इंटिजर स्केलिंग ऑन केलं. रात्री अकराला फोन, "मामा, स्क्रीन छोटी झाली, चारी बाजूंनी काळं आलंय." मी म्हटलं सकाळी बघू, तर तोपर्यंत पठ्ठ्याने दुकानात रिप्लेसमेंटची रिक्वेस्ट टाकून दिलेली! मॉनिटर एकदम ठणठणीत होता. १४४० भागिले १०८० म्हणजे १.३३, आणि इंटिजर स्केलिंग फक्त पूर्ण पटीत मोठं करतं, दुप्पट, तिप्पट असं. दुप्पट केलं तर चित्र २१६० ओळींचं होतं, ते १४४० मध्ये मावणार कुठे? म्हणून ते एकपटच राहतं, डावी-उजवीकडे ३२०-३२० आणि वर-खाली १८०-१८० पिक्सेल काळे. २७ इंचावर जेमतेम सव्वावीस इंचाचं चित्र दिसतं. त्याला ७२०पी लावायला सांगितलं, बरोबर दुप्पट, पूर्ण स्क्रीन भरली आणि रिक्वेस्ट मागे घेतली.

म्हणून मी आधी उंचीला उंचीने आणि रुंदीला रुंदीने भागतो, दोन्हीकडे तोच पूर्ण आकडा आला तरच पुढे. १४४०पीवर ७२०पी, ४केवर १०८०पी किंवा ७२०पी, १०८०पीवर ५४०पी. अपवाद फक्त जुन्या गेमचा, ६४० बाय ४८० चा गेम १०८०पीवर दुप्पट होऊन १२८० बाय ९६० होतो आणि कडेला काळं राहतं, ते राहू द्या, चित्र कोरीव दिसतं.

दुसरी चूक, स्केलिंग नक्की करतंय कोण हेच न बघणं. "४के बरोबर दुप्पट आहे ना, मग १०८०पी धूसर का?" कारण मोठं करायचं काम मॉनिटर करतोय, आणि बहुतेक मॉनिटर पट पूर्ण असली तरी शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळूनच मोठं करतात. ओळखायची युक्ती सोपी आहे, गेम चालू असताना मॉनिटरच्या बटणाने त्याचा मेनू उघडा आणि इन्फर्मेशनमध्ये येणारा सिग्नल बघा. तिथे १९२० बाय १०८० दिसलं तर मॉनिटर स्केल करतोय, ३८४० बाय २१६० दिसलं तर कार्ड. मी सेटिंग बदललं की प्रत्येक वेळी हे बघतो, ड्रायव्हरमध्ये टिक आहे एवढ्यावर विसंबत नाही. त्याच पानावर रिफ्रेश रेटही बघून घ्या, मॉनिटरवर सोपवल्यावर काही मॉनिटर कमी रिझोल्युशनला ६० हर्ट्झवरच अडकतात, कार्डाने केलं तर सिग्नल नेटिव्हचाच, म्हणजे मॉनिटरच्या मूळ रिझोल्युशनचाच जातो आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर १४४च राहतात.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Adjust desktop size and position` मध्ये `Integer scaling` निवडायचं आणि `Perform scaling on` ला `GPU`. पर्यायच दिसत नसेल तर कार्ड बघा, जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० सिरीजच्या आधीच्यांना ते मिळालेलंच नाही. लॅपटॉपवर मात्र कार्ड नवं असूनही हे पान गायब असू शकतं, कारण स्क्रीन बऱ्याचदा इंटेल किंवा एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, मग सेटिंग त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायचं.

एवढं करूनही चित्र मऊच दिसत असेल तर गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये चालतोय का बघा. तिथे कार्डाकडून नेटिव्ह सिग्नलच जातो, आतलं चित्र गेमने स्वतःच मोठं केलेलं असतं, त्यामुळे ड्रायव्हरला करण्यासारखं काही उरत नाही. गेमला खरा फुलस्क्रीन नसेल तर मी आधी विंडोजचं डेस्कटॉपच ७२०पी करतो आणि मग गेम उघडतो. खेळून झाल्यावर परत बदलावं लागतं, पण काम होतं.

आणि नवीन थ्रीडी गेमला हे वापरू नका. पिक्सेल आर्टमध्ये ठोकळा हाच चित्राचा भाग असतो, तिथे इंटिजर स्केलिंगला तोड नाही. पण नव्या गेममध्ये ७२०पी दुप्पट केलं की झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, आणि मेनूतली अक्षरंही तशीच. तिथे आउटपुट नेटिव्ह ठेवा आणि गेममधला रेंडर स्केल उतरवा किंवा कमी रिझोल्युशनचं चित्र हुशारीने मोठं करणारं एफएसआर, डीएलएसएस लावा, अक्षरं नेटिव्हलाच राहतात, धारदार.