मृगाआधी ओल्या कचऱ्याचं पाणी निथळा, नाहीतर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या हातच्या जातील

गेल्या चार पावसाळ्यांत मी ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या, कोंबड्यांच्या खाद्यासाठी ओल्या कचऱ्यावर वाढवलेल्या अळ्यांचे बरेच क्रेट वाया गेलेले पाहिले. रोगाने गेलेला त्यात एखादाच. बाकी सगळे पाण्याने गेले, आणि तेही पावसाच्या नव्हे. बाजारातून आणलेला टोमॅटो, कलिंगड, काकडी, पालेभाजी तशीच क्रेटमध्ये ओतली होती, त्या मालातल्या पाण्याने अळ्या मेल्या. उन्हाळ्यात ही चूक झाकून जाते, कारण वरचं पाणी हवेत उडतं. मृग लागला की हवाच ओली होते आणि क्रेटमधला थेंबही उडत नाही. म्हणून आज मुख्यतः माल निथळण्याच्या या एका कामावर लिहितो. बाकीची कामं यादीत दिली आहेत.

नारायणगावकडच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. पन्नास गावरान कोंबड्या, खाद्याचा खर्च अंगावर आलेला, आणि टोमॅटोच्या हंगामात फेकून दिलेला माल हाकेच्या अंतरावर. त्यांनी सहा क्रेट मांडले. मे महिन्यात अळ्या जोमात होत्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "दादा, अळ्या भिंतीवर चढल्यात, अंगणभर झाल्यात." जाऊन पाहिलं तर क्रेटमध्ये लाल रबडी, वर चकाकी, आणि नासक्या अंड्यासारखा वास. निम्म्या अळ्या पळाल्या होत्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच तळाशी मेल्या होत्या. वरून घरमाशीने अंडी घातली होती ती वेगळीच.

असं का होतं ते समजून घ्या. ही अळी तोंड खाली खुपसून खाते आणि शेपटाकडच्या छिद्रांनी श्वास घेते. माल भुसभुशीत असेल तर तिला खालीही हवा मिळते. रबडी झाली की हवा संपते, माल आंबायच्या ऐवजी कुजतो, आणि अळी वर येऊन बाहेरची वाट शोधते. कोरड्या प्लास्टिकवर तिला चढता येत नाही, पण भिंतीवर ओल धरली की सहज चढते. म्हणून क्रेटची भिंत आतून ओली दिसली की तीच पहिली सूचना माना. दुसरी सूचना वासाची. चांगल्या क्रेटला आंबूस, ताडीसारखा वास येतो. कुजका वास आला तर तुम्हाला एक दिवस उशीर झालेला आहे. तिसरी माझ्या कानाची आहे, पुस्तकात सापडणार नाही. सकाळी क्रेटला कान लावा. पाचोळ्यावर बारीक पाऊस पडावा तशी सळसळ ऐकू आली तर अळ्या खात आहेत. चपचप आवाज आला किंवा काहीच ऐकू आलं नाही, तर लगेच कोरडा कोंडा मिसळा.

आता मात्रा. स्वित्झर्लंडच्या इआवाग संस्थेने इंडोनेशियातल्या कामावरून दिलेलं प्रमाण असं: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या क्रेटला पाच दिवसांच्या १०,००० अळ्या, बारा दिवसांत मिळून १५ किलो ओला माल, आणि त्या मालात पाणी ७५ ते ८० टक्के. लोक १५ किलो लक्षात ठेवतात, पाण्याचा आकडा विसरतात. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं. नुसता टोमॅटो १५ किलो घातला तर खरं अन्न किलोभरही भरत नाही. पाऊण क्विंटल वजनाची गोणी उचलून आणली तरी तिच्यातला बहुतेक भार पाण्याचाच असतो.

ताईंच्या क्रेटसाठी आम्ही केलेला हिशोब देतो. १५ किलोत ७५ टक्के पाणी म्हणजे कोरडं अन्न पावणेचार किलो हवं. टोमॅटो कोयत्याने बोट-दीड बोटाचे तुकडे करून कांद्याच्या जाळीच्या गोणीत भरायचा, गोणी भाजीच्या जाळीदार क्रेटवर ठेवायची, वर दगड, आणि रात्रभर निथळू द्यायची. त्या निथळलेल्या मालातला ९ किलो घेतला. त्यात कोरडं अन्न धरा पाऊण किलोच्या आसपास. घरचा आणि शेजारच्या खाणावळीचा उरलेला भात-भाकरी-भाजी ४ किलो, त्यात सव्वा किलो. गव्हाचा कोंडा २ किलो, त्यात पावणेदोन किलो. बेरीज १५ किलो माल, कोरडं अन्न पावणेचार किलो. हा माल एकदम घालायचा नाही. पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी पाच-पाच किलो पसरायचा, थर दोन-तीन बोटांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

वजनकाटा नसेल तर मुठीने पाहा. माल मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून चार-पाच थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पुन्हा निथळा किंवा कोंडा घाला. एकही थेंब आला नाही तर थोडं पाणी शिंपडा, पण जून ते सप्टेंबर ती वेळ क्वचितच येते. गव्हाचा कोंडा महाग पडत असेल तर तांदळाचा कोंडा किंवा चुरलेल्या शिळ्या भाकरी चालतात. नुसता लाकडाचा भुसा पाणी शोषतो, पण अळीला त्यातून काही मिळत नाही. तो अडचणीच्या वेळी मूठभरच.

निथळलेलं पाणी क्रेटखाली साचू देऊ नका. खताच्या खड्ड्यावर ओता.

इथे दुकानदाराची बाटली मध्ये येते. वास आला की कोणीतरी "कल्चर" किंवा "एन्झाईम" विकायला येतो. मी अशा बाटल्या वापरलेले क्रेट पाहिले आहेत. ज्यांनी माल निथळला नव्हता त्यांचे तसेच वाया गेले, आणि निथळणाऱ्यांना बाटलीची गरज पडली नाही. महागडा संच आणि "अळ्या आम्हीच विकत घेऊ" असा वायदा करणाऱ्यांकडून आगाऊ पैसे भरून काही घेऊ नका. ही माशी आपल्याकडे आधीपासूनच सापडते. आंबलेल्या कोंड्याच्या डब्यावर पुठ्ठ्याच्या, आडव्या नळ्या असलेल्या पट्ट्या बांधून सावलीत ठेवल्या तर तिच्या माद्या त्या फटींत अंडी घालतात. फक्त ओळख पक्की करा. माशी काळी, गांधीलमाशीसारखी लांबट, पाय टोकाकडे पांढरट. अळी चपटी, कडक, वळ्यांची, मळकट रंगाची. गुळगुळीत, मऊ, पांढरी आणि एका टोकाला निमुळती दिसली तर ती घरमाशीची, ती ठेवू नका.

मृगाआधीची बाकी कामं:
- शेडच्या चारही बाजूंना पावसाचे शिंतोडे अडवणारा कापडी पडदा, पण वारा खेळता राहील असा.
- मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या अंडी संपवतात.
- उंदीर आणि पाली येऊ नयेत म्हणून बारीक जाळी.
- क्रेट एकमेकांवर रचताना मध्ये हवेसाठी फट.
- फवारणी नुकतीच झालेली पालेभाजी, औषधाचा वास असलेला माल, खरकट्यातलं प्लास्टिक बाजूला.
- कोरडा कोंडा दोन महिन्यांचा, ओल लागणार नाही अशा डब्यात.

अंड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पावसाळ्यातला दुसरा तोटा तिथे होतो. या माशीला मिलनासाठी ऊन लागतं. आभाळ दाटून चार-पाच दिवस राहिलं की अंड्यांसाठी ठेवलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात माश्या असूनही अंडी मिळत नाहीत. मोठी माशी खात नाही, फक्त पाणी घेते आणि आठवड्याच्या आसपास जगते, त्यामुळे ऊन येण्याची वाट पाहत बसायला तिच्याकडे वेळ नसतो. साध्या ट्यूबलाइटने काम होत नाही. पिंजरा पूर्वेला, सकाळचं ऊन थेट पडेल असा ठेवा, आणि मेच्या शेवटच्या तुकडीतल्या काळपट झालेल्या अळ्या नेहमीपेक्षा दुप्पट राखून ठेवा. त्या कोषात जाऊन माश्या व्हायला दोन आठवडे किंवा जास्त लागतात, आणि सगळ्या एका दिवशी निघत नाहीत. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी पिंजऱ्यात माश्या असाव्यात, म्हणून हा साठा. दुप्पट हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण त्याने दोन पावसाळे निभावले.

बारा दिवसांनी चाळायची वेळ येते. माल योग्य ओलीचा होता तर तो भुसभुशीत होतो आणि चाळणीतून अळ्या वेगळ्या होतात. ओला राहिला तर गाळ चाळणीला चिकटतो आणि अळ्या हाताने वेचाव्या लागतात, म्हणजे पुन्हा तेच पाणी आडवं येतं. १०,००० अळ्यांतून चांगल्या तुकडीत दोन किलोच्या आसपास ताज्या अळ्या मिळतात, नुसत्या भाजीवर वाढवल्या तर कमी. ताईंनी दर दोन दिवसांनी एक क्रेट चाळायचं ठरवलं. म्हणजे रोजच्या हिशोबाने एक किलो, पन्नास कोंबड्यांना प्रत्येकी वीस ग्रॅम. वाळलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, स्निग्धांश बराच आणि कॅल्शियमही भरपूर, त्यामुळे अंड्यावरच्या कोंबड्यांना ती मानवते. पण ताज्या अळीत जवळपास दोनतृतीयांश पाणी आहे. वीस ग्रॅम अळ्यांमागे कोंबडीचं खाद्य सहा-सात ग्रॅमच कमी करा. ज्यांनी निम्मं खाद्य बंद केलं त्यांची अंडी घटली.

मत्स्यतळ्यात घालायच्या असतील तर मासळीच्या कुटीच्या एक चतुर्थांशाइतक्याच बदला. गाई-म्हशींना अजिबात घालू नका. युरोपात अळीचं प्रथिन माशांच्या खाद्यात २०१७ पासून आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात २०२१ पासून चालतं, पण खरकट्यावर वाढवलेली अळी तिथे खाद्याला चालत नाही. आपणही निदान मटण-मासळीचं खरकटं आणि नगरपालिकेच्या मिसळ कचऱ्याचा ढीग टाळावा. अळी कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवते आणि ते कोंबडीपर्यंत जातात. घालण्याआधी अळ्या उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून काढा.

पावसाळ्यात अळ्या वाळवून साठवायच्या भानगडीत पडू नका. ऊन नाही, अर्धवट वाळलेल्या अळीला बुरशी येते आणि तिची चरबी खवट होते. जेवढ्या लागतात तेवढ्याच रोज काढा. जास्त झाल्याच तर लोखंडी कढईत कोरड्या वाळूत खरपूस भाजून हवाबंद डब्यात ठेवा, आणि महिन्याच्या आत संपवा.

चाळणीखाली राहिलेला गाळ लगेच रोपांना देऊ नका, तो अजून तापतो आणि कोवळी मुळं जाळतो. ढीग करून झाकून महिना-दीड महिना मुरवा. हात घातल्यावर गरम लागला नाही आणि मातीचा वास आला की वापरा. कुंडीत मातीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. टोमॅटोच्या पुढच्या लागवडीत शेणखताबरोबर मिसळून दिला तरी चालतो.

ताईंनी जुलैत पुन्हा सुरुवात केली. यावेळी निथळायला ठेवलेल्या गोण्या शेडमध्ये सगळ्यांत आधी दिसतात.