मुलाच्या शिक्षणाचा आकडा जुन्या पावतीवरून काढा

जळगाव-धुळ्याकडून पोरगं पुण्याला इंजिनीअरिंगला पाठवायचं, तर किती पैसे साठवायचे? आजच्या फीवर हिशेब धरला की कमी पडतात. त्याच कॉलेजात शिकलेल्या दोन मुलांच्या पहिल्या वर्षाच्या पावत्या मागून घ्या, एक यंदाची आणि एक बरोबर 4 वर्षांपूर्वीची. होस्टेल-मेस धरा, परत मिळणारी अनामत वजा करा.

1. यंदाचा आकडा जुन्याने भागा. समजा, 2,00,000 भागिले 1,47,000, म्हणजे 1.36.
2. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. 1.08 येईल, खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतोय. (दोनदा दाबणं 4 वर्षांच्या अंतरालाच चालतं, म्हणून तेवढंच अंतर शोधा.)
3. प्रवेशाला 9 वर्षं असतील तर 2 लाखांना 1.08 ने 9 वेळा गुणा. पहिल्या वर्षाला सुमारे 4 लाख.
4. पुढची तीन वर्षंही तशीच वाढवा: 4.32, 4.67 आणि 5.04 लाख. एकूण साधारण 18 लाख.

बरेच जण पहिल्या वर्षाला चारने गुणून 16 लाखांवर थांबतात. ते 2 लाख नेमके शेवटच्या वर्षी लागतात, आणि तेव्हा कापूस विकायला वेळ नसतो.

एक जपा: पावतीवर ईबीसी किंवा दुसरी शिष्यवृत्ती वजा झालेली असेल तर भरलेली रक्कम धरू नका, पूर्ण फी धरा. एका पावतीत सवलत आणि दुसरीत नाही, असं झालं तर वाढीचा दरच खोटा येतो.