मॉनिटर खाली आणला आणि डोळ्यांची चुरचुर कमी झाली

दुपारी चारच्या सुमारास माझे डोळे चुरचुरू लागत आणि अक्षरे पुसट दिसत; मात्र दोन-तीनदा पापण्या मिटल्या की ती पुन्हा स्पष्ट होत, त्यावरून हा दोष चष्म्याच्या नंबराचा नसून कोरडेपणाचा असावा, हे माझ्या लक्षात आले. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यातच माझा मॉनिटर उंच स्टँडवर असल्याने डोळे अधिक उघडे राहत आणि अश्रूंचा थर लवकर सुके. मी स्टँड काढून स्क्रीनची वरची कड नजरेच्या किंचित खाली आणली. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूरवर पाहताना पापण्या मुद्दाम पूर्ण मिटू लागलो, कारण त्या अर्धवट मिटल्या तर बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो. आठवड्याभरात चुरचुर बरीच कमी झाली. डोकेदुखी मात्र नंबर तपासून चष्मा बदलल्यावरच गेली.