रिटर्न रिजेक्ट झालं? मग या चुका टाळा

माझं ऑनलाइन सेंटर घाटंजी तालुक्यात, बस थांब्याजवळ आहे. सातबारा, पीक विमा, वीजबिल ही रोजची कामं. पण जुलै-ऑगस्टमध्ये, फवारणीच्या दिवसांत, दर दोन-तीन दिवसांनी कोणी ना कोणी ऑनलाइन मागवलेली वस्तू परत होत नाही म्हणून मोबाईल पुढे करतो. "भाऊ, पाय ना, वापस घेत नाही म्हन्ते." स्क्रीनवर `Return rejected` लिहिलेलं असतं. माणूस चिडलेला असतो, आणि तोवर त्याच्या हातून निदान दोन चुका झालेल्या असतात. त्याच चुका दरवर्षी पाहून मी कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक रिजेक्ट व्हायच्या आधीच होते. रिटर्न टाकताना ॲप कारण विचारतं, आणि पोरं यादीतलं पहिलं दिसेल ते दाबतात. बहुतेक वेळा ते `Changed my mind` किंवा `No longer needed` असतं. त्याचा सरळ अर्थ वस्तू चांगली आहे, मलाच नको. ते दाबलं की तुम्ही पूर्णपणे दुकानाच्या स्वतःच्या पॉलिसीवर जाता. पॉलिसी म्हणते वस्तू न वापरलेली हवी, खोका हवा, टॅग हवा, सगळे सुटे भाग हवेत.

`Defective` किंवा `Not as described` निवडलं तर गोष्ट वेगळी होते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम 6 सांगतो की माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पहिल्या कारणात तुम्ही विनंती करता, दुसऱ्यात हक्क मागता. बोट कुठे पडलं एवढाच फरक.

गेल्या हंगामात आमच्या गावच्या एका मामानं 16 लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप मागवला. 2,849 रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. पंप आला, मामानं त्यात थेट औषध कालवलं आणि कपाशीत उतरला. दोन तासांत पाठ ओली. टाकी बुडाशी, मोटरच्या जोडाला गळत होती. घरी येऊन अंघोळ केली म्हणून बरं. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली आहेत, त्यामुळे पाठीवर गळणारा पंप ही इथं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

मामाच्या पोरानं रिटर्न टाकलं आणि कारण दिलं `No longer needed`. तिसऱ्या दिवशी पिकअपवाला आला. त्याच्या मोबाईलमध्ये तपासायची यादी असते: फोटोशी वस्तू जुळते का, सुटे भाग पूर्ण आहेत का, वस्तू न वापरलेली आहे का. एका ठिकाणी जरी 'नाही' भरलं तरी त्याचं ॲप पिकअप घेऊच देत नाही. इथं तर थर्माकोल पोरांनी खेळायला नेलेलं, नोझलची पुडी शेतातल्या खोपडीत आणि टाकीला औषधाचा वास. अर्ध्या तासात मेसेज आला:

```
Return cancelled: product failed
quality check at pickup
```

मामा त्या पिकअपवाल्या पोरावर भडकला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्यानं यादीच भरली. हा मेसेज 'तुमची तक्रार खोटी' असं म्हणत नाही. तो फक्त 'दारावरची तपासणी पास झाली नाही' एवढंच म्हणतो. रिजेक्शनचा मेसेज नेमकं काय नाकारतो ते आधी वाचा. `Return window closed` म्हणजे मुदत संपली. `Pickup attempt failed` म्हणजे कोणी आलंच नाही किंवा तुम्ही भेटला नाहीत असं त्यांच्याकडे लिहिलं गेलंय. `Item mismatch` म्हणजे परत दिलेली वस्तू त्यांच्या मते पाठवलेली नव्हेच. या प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे, आणि 'माझे पैसे द्या' हे यातल्या एकाचंही उत्तर नाही.

मी मामाला पंप घेऊन माझ्या सेंटरवर बोलावलं. औषधाचा अंश तीनदा धुऊन टाकी साफ करून आणायला सांगितलं. मग साधं पाणी भरलं आणि व्हिडिओ काढला, खोक्यावरचा स्टिकर, मग पंप, मग बुडाशी टपकणारं पाणी, सगळं एका दमात. ही माझी सवय आहे: व्हिडिओ मध्ये तोडायचा नाही, नाहीतर समोरचा म्हणतो दुसरा पंप दाखवला. तेवढ्यात बॅटरीवरचं लेबल दिसलं. 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवर. ऑर्डरच्या पानावर वस्तूच्या माहितीत लिहिलं होतं 12 अँपिअर-अवर. गळती वापरल्यामुळे झाली असं कोणी म्हणू शकलं असतं, पण बॅटरी वापरून 12 ची 8 होत नाही. केसचा कणा हाच होता. मी लगेच त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, कारण ही पानं नंतर बदलतात.

आता दुसरी लाडकी चूक. तक्रार करताना लोक लिहितात, 'मैने पंप मंगाया था, खराब निकला, कुछ करो.' कोणता पंप, कोणाकडून, कधी, काहीच नाही. वरून तेच पाच वेळा चॅटवर. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा नमस्कार, तोच नकार. चॅटवरच्या माणसाला तो नकार बदलायचा अधिकारच बहुधा नसतो.

मी एका कोऱ्या कागदावर आधी हे उतरवून घेतो. ऑर्डर क्रमांक. रिटर्नच्या विनंतीचा वेगळा क्रमांक. कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक. हे तीन वेगळे असतात आणि लोक हमखास ट्रॅकिंग क्रमांकच ऑर्डर क्रमांक म्हणून देतात. मग ऑर्डरच्या पानावरून इनव्हॉइस उतरवायचं. ते पीडीएफ कोणी उघडत नाही, आणि खरा विक्रेता तिथंच असतो. ॲपचं नाव वेगळं, पंपावरचा ब्रँड वेगळा आणि `Sold by` पुढचं नाव तिसरंच. पैसे त्या तिसऱ्यानं घेतलेले असतात. इनव्हॉइसवर त्याचा पत्ता, इनव्हॉइस क्रमांक आणि जीएसटी नोंदणीचा क्रमांक, म्हणजे जीएसटीआयएन असतो. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: 27 महाराष्ट्र, 07 दिल्ली, 24 गुजरात. मामाचा विक्रेता 07 निघाला. त्यामुळे 'नागपूरच्या गोडाऊनला जाऊन भांडतो' हा मामाचा बेत तिथंच मिटला. पत्ता अपुरा वाटला तर ॲपकडे लेखी मागा. खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितल्यावर विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता देणं त्यांना बंधनकारक आहे.

मग ही तक्रार चॅटवर नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलनं पाठवायची. ॲपच्या अगदी तळाशी `Grievance Officer` अशी ओळ असते, तिथं नाव आणि मेल मिळतो. त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, असं नियमात आहे. तक्रारीला तिकीट क्रमांक मिळालाच पाहिजे. मामाच्या वतीनं मी लिहिलं ते साधारण असं:

```
विषय: ऑर्डर क्र. ____, सदोष माल, रिटर्न नाकारल्याबाबत
विक्रेता: ____, जीएसटीआयएन ____, इनव्हॉइस क्र. ____
माल मिळाला: ता. __   रिटर्न विनंती क्र. ____
नाकारण्याचं कारण (तुमचे शब्द): ____
दोष: 1) टाकी बुडाशी गळते. 2) जाहिरातीत 12 Ah,
प्रत्यक्षात 8 Ah बॅटरी.
रिटर्न टाकताना कारण चुकून चुकीचं निवडलं गेलं.
मागणी: पूर्ण 2,849 रु. परत.
सोबत: व्हिडिओ, 4 फोटो, इनव्हॉइस.
```

यात शिवी नाही, शेतकऱ्याची हलाखी नाही, कोर्टाची धमकी नाही. चुकीचं कारण निवडल्याचं मात्र स्वतःहून लिहिलं. ते लपवलं असतं तर त्यांनी तेच पुढे केलं असतं. आणि मागणी एकच ठेवावी. 'पैसे द्या नाहीतर दुसरा पंप द्या नाहीतर कूपन द्या' असं लिहिलं की कूपनच मिळतं.

दोन दिवसांनी पोच आली आणि आठव्या दिवशी तोच छापील नकार. मामा म्हणाला, "जाऊ दे न बापू, इतक्यासाठी काय." मीही वैतागलो होतो. पण लेखी नकार मिळाला होता, आणि पुढच्या पायरीला तोच कामी येतो. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, किंवा consumerhelpline.gov.in वर नोंदणी करून तीच माहिती भरायची. मराठीत बोलता येतं. तिथं मिळणारा क्रमांक जपून ठेवा. एक लक्षात घ्या, हेल्पलाइन न्यायालय नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत नेते आणि तडजोड घडवू पाहते, हुकूम देऊ शकत नाही. पण कंपनीत ही तक्रार वेगळ्या टेबलावर जाते, असं मला वाटतं. मामाच्या बाबतीत पाचव्या दिवशी फोन आला: पिकअप पुन्हा पाठवतो, कारण `Not as described` धरू. नोझलची पुडी तेवढी सापडवून ठेवा म्हणाले.

तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आमच्यासाठी यवतमाळला. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, विक्रेता दिल्लीचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. 2,849 रुपयांसाठी मी कोणाला तिथं जा म्हणणार नाही, कारण तारखांना जाण्यायेण्याचं भाडंच त्याच्यावर जाईल. फ्रिज किंवा मोठ्या मोबाईलसाठी मात्र जरूर विचार करा.

बाकीच्या चुका थोडक्यात. कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका, वर येणारे नंबर बऱ्याचदा ठगांचे असतात. नंबर ॲपमधूनच घ्यायचा. रिफंडसाठी कोणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पिकअपवाला गावात येत नाही, फाट्यावर बोलावतो. जायला हरकत नाही, पण पिकअप झाल्याचा मेसेज येईपर्यंत वस्तू हातातून सोडू नका. आणि तो आलाच नाही आणि `Pickup attempt failed` आलं, तर त्याच दिवशी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लावून लिहा. आठ दिवसांनी लिहिलेलं कोणी मानत नाही.

आणि नवा पंप आला की आधी साधं पाणी. हे मी दरवर्षी सांगतो, ऐकत कोणी नाही. सगळ्यांना त्याच संध्याकाळी फवारणी उरकायची असते.

मामाचे 2,849 रुपये खात्यात आले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. तोवर त्यानं घाटंजीच्या कृषी केंद्रातून 3,200 चा पंप घेतला होता, दुकानदारासमोर पाणी भरून, उलटा करून पाहून.