नव्या नोकरीतील परिचयाचा मेल : या चुका टाळा

नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेला परिचयाचा मेल फसला की त्याची खूण लवकरच दिसते. उत्तरादाखल ‘स्वागत आहे’ आणि ‘शुभेच्छा’ एवढेच येते, आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे आपले अडलेले काम घेऊन तुमच्या जागी आधी असलेल्या अधिकाऱ्याला फोन करतात. मेल वाचून त्यांना तुमची ओळख झालेली असते. परंतु त्यांचे कोणते काम, कोणत्या तारखेपासून तुमच्याकडे आले आहे, हे त्यांना कळलेले नसते. या मेलमधील बहुतेक चुका याच एका गोष्टीत मोडतात : लिहिणारा स्वतःविषयी लिहितो, आणि वाचणारा आपल्या कामाविषयी काही सापडते का ते पाहत असतो.

उदाहरणासाठी चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील, मोटारींचे सुटे भाग तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. तेथे कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेल्या भागांच्या, खरेदीची जबाबदारी घेऊन एक व्यवस्थापिका सोमवारी रुजू झाल्या आहेत. त्यांच्या हाताखाली सहा जण आहेत. उत्पादन नियोजन, क्वालिटी, स्टोअर्स आणि अकाउंट्स या विभागांशी त्यांचा रोजचा संबंध येणार आहे, आणि कारखान्याबाहेर वीसेक पुरवठादार आहेत. मंगळवारी त्यांनी पुढील मसुदा तयार केला आणि या सर्वांचे पत्ते एकाच To मध्ये घातले.

“विषय : माझा परिचय. नमस्कार, मी खरेदी विभागात नुकतीच रुजू झाले आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर असून मला या क्षेत्रातील १२ वर्षांचा अनुभव आहे. आधीच्या कंपनीत मी खरेदीखर्चात ११ टक्के बचत केली आणि पुरवठादारांची संख्या निम्म्यावर आणली. इथेही अशाच सुधारणा करण्याचा माझा मानस आहे. मला वाचनाची आणि ट्रेकिंगची आवड आहे. आपणा सर्वांना भेटण्यास मी उत्सुक आहे. काहीही मदत लागल्यास निःसंकोच संपर्क साधावा.”

यातील एकही वाक्य खोटे अथवा उद्धट नाही, म्हणूनच असे मेल सर्रास पाठवले जातात. परंतु हाच मजकूर वेगवेगळ्या टेबलांवर कसा वाचला जाईल ते पाहावे. पुरवठादार ‘संख्या निम्म्यावर आणली’ या शब्दांपाशी थांबतो आणि आपली ऑर्डर जाणार की काय, या चिंतेने संचालकांना फोन लावतो. हाताखालचे सहा जण ‘सुधारणा’ या शब्दातून आपल्या आजवरच्या कामावर शेरा मारला गेला असे समजतात. अकाउंट्समधील कर्मचाऱ्याला, अडकलेल्या बिलांवर आता सही कोणाची चालेल, याचे उत्तर मिळत नाही. म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सर्वांना एकच मेल पाठवणे. आपल्या गटाला एक, इतर विभागांतील संबंधितांना दुसरा आणि बाहेरच्यांना तिसरा, असे तीन मेल लिहायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

दुसरी चूक वेळेची आहे. आपल्या वरिष्ठांनी किंवा एचआरने नेमणुकीची सूचना काढण्याआधी स्वतःचा मेल गेला, तर पदनाम आणि जबाबदारी यांविषयी दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या जाण्याचा धोका असतो. विशेषतः आधीचे अधिकारी अजून त्याच कंपनीत असतील तर हा प्रश्न नाजूक होतो, कारण त्यांचे काम कोणत्या दिवशी तुमच्याकडे येणार हे अनेकदा तोंडीच ठरलेले असते. त्यामुळे पहिले एकदोन दिवस वरिष्ठांसोबत बसून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : माझ्याकडे नेमके काय येणार, कधीपासून येणार, काय येणार नाही, आणि कोणाकोणाला कळवायचे. यातील तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारायलाच विसरतात. आपल्या उदाहरणात टूलिंगची, म्हणजे साचे आणि हत्यारांची, खरेदी जुन्या अधिकाऱ्यांकडेच राहणार होती. ती मर्यादा मेलमध्ये आली नसती तर पहिल्याच आठवड्यात टूलिंगच्या तक्रारी चुकीच्या टेबलावर आल्या असत्या. सूचना निघाल्यानंतर, साधारणपणे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, आपला मेल जावा.

अनुभवाविषयी किती लिहावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते दोन ओळी पुरतात, आणि त्या दोन ओळींत वाचणाऱ्याच्या उपयोगाचीच माहिती असावी. ‘१२ वर्षांचा अनुभव’ यातून क्वालिटी विभागाला काहीच हाती लागत नाही. ‘याआधी अॅल्युमिनियम आणि लोखंडी कास्टिंगची खरेदी पाहत होते आणि फाउंड्रीत जाऊन सच्छिद्रतेच्या तक्रारी हाताळल्या आहेत’ असे लिहिले तर कोणती अडचण घेऊन तुमच्याकडे यावे हे त्यांना लगेच कळते. आधीच्या कंपनीतील बचतीचे आकडे मात्र पूर्णपणे गाळावेत. ते मुलाखतीत सांगून झालेले असतात, आणि शिवाय ती त्या कंपनीची अंतर्गत माहिती असू शकते. आवडीनिवडी आपल्या गटाच्या मेलमध्ये एका वाक्यात चालतात, बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये नकोत.

‘काहीही मदत लागल्यास संपर्क साधावा’ हे वाक्य सौजन्यापोटी लिहिले जाते, पण पहिल्या आठवड्यात मदत तुम्हालाच हवी असते. तेव्हा नेमकी मागणी करावी आणि ती पूर्ण करणे समोरच्याला सोपे जाईल असे पाहावे. ‘सवडीनुसार भेटू’ असे लिहिले की भेट होत नाही, कारण वेळ ठरवण्याचे काम आपण समोरच्यावर टाकलेले असते. दोन वेळा सुचवाव्यात, किती मिनिटे लागतील आणि विषय कोणता हे सांगावे. हे सारे लक्षात घेऊन इतर विभागांसाठीचा मेल असा होतो :

“विषय : कास्टिंग खरेदी – सोमवार १६ तारखेपासून माझ्याकडे. नमस्कार, वरिष्ठांनी बुधवारी काढलेल्या सूचनेनुसार कास्टिंगच्या खरेदीची जबाबदारी १६ तारखेपासून मी पाहणार आहे. त्या तारखेआधीच्या खरेदीच्या ऑर्डरविषयीचे प्रश्न आधीच्या अधिकाऱ्यांकडेच न्यावेत. त्या तारखेपासूनच्या ऑर्डर, पुरवठ्याची वेळापत्रके आणि नाकारलेल्या मालाच्या तक्रारी माझ्याकडे पाठवाव्यात. टूलिंगची खरेदी पूर्वीप्रमाणेच त्यांच्याकडे राहील. याआधी मी अॅल्युमिनियम आणि लोखंडी कास्टिंगची खरेदी पाहत होते. आपल्या विभागात सध्या कोणते पार्ट सर्वाधिक अडतात, हे समजून घेण्यासाठी मला आपली २० मिनिटे हवी आहेत. गुरुवारी दुपारी ३ किंवा शुक्रवारी सकाळी ११ यांपैकी सोयीची वेळ कळवावी. मी आपल्या टेबलापाशी येईन.”

कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर भाषा बदलेल, क्रम हाच राहील. विषयाच्या ओळीत काम आणि तारीख आधी आली आहे, कारण शॉपफ्लोअरवरचा माणूस मेल मोबाइलवर पाहतो आणि त्याला पडद्यावर विषय आणि पहिली ओळ एवढेच दिसते. चारही विभागप्रमुखांना हा मेल स्वतंत्र पाठवावा आणि भेटीच्या विषयाचे वाक्य प्रत्येकासाठी बदलावे. स्टोअर्सला नाकारलेल्या मालाच्या परतपाठवणीविषयी विचारावे, अकाउंट्सला प्रलंबित बिलांविषयी.

आपल्या गटाच्या मेलमध्ये जबाबदारीची यादी लागत नाही. ती त्यांना ठाऊक असते. त्यांना हवी असते ती एका प्रश्नाची तड : आपल्या कामाची वाटणी बदलणार का? ‘सध्याची वाटणी तशीच राहील, पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी स्वतंत्र बोलल्याशिवाय मी त्यात बदल करणार नाही’ हे एक वाक्य, ते खरोखर पाळता येणार असेल तरच, अवश्य लिहावे. कार्यालयात एकमेकांना सर-मॅडम म्हणतात की नावाने हाक मारतात, हे दोन दिवस ऐकून मगच संबोधन ठरवावे.

पुरवठादारांच्या मेलमध्ये सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. अनोळखी पत्त्यावरून ‘यापुढे माझ्याशी संपर्क साधा’ असा मेल येणे हे फसवणुकीच्या मेलचेही नेहमीचे रूप आहे, आणि सावध पुरवठादार त्यावर विश्वास ठेवत नाही. तसे त्याने ठेवूही नये. म्हणून हा मेल शक्यतो आधीच्या अधिकाऱ्यांनी किंवा वरिष्ठांनी त्यांच्या ओळखीच्या पत्त्यावरून पाठवावा, नव्या व्यक्तीला Cc मध्ये ठेवावे आणि नव्या व्यक्तीने त्याच मेलला उत्तर देत दोन ओळींत स्वतःची ओळख करून द्यावी. बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचे यात बदल नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. वीस पुरवठादारांचे पत्ते एकमेकांना दिसणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना आपली पूर्ण यादी देणे होय. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र मेल जावा, निदान Bcc तरी वापरावे. पैसे वेळेवर मिळतील असे आश्वासन आपल्या अखत्यारीत नसताना देऊ नये. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. हे लहान फाउंड्रीचालकांना चांगले माहीत असते, आणि तुमचे लेखी वाक्य ते जपून ठेवतात. थकबाकीची चौकशी कोणाकडे करावी, एवढेच सांगावे.

मेल गेल्यानंतर काही बिघडले तर उपाय वेगाने करावे लागतात. Gmail मध्ये Undo send ची मुदत सेटिंगमधून वाढवून जास्तीत जास्त ३० सेकंद करता येते. ती पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी. Outlook मधील Recall चा उपयोग आपल्याच संस्थेतील मेलपेट्यांपुरता असतो, पुरवठादाराकडे गेलेला मेल त्याने परत येत नाही. नाव किंवा पद चुकले असेल तर ज्याचे नाव चुकले त्याला फोन करावा आणि दुरुस्ती फक्त त्यांनाच पाठवावी ज्यांना चुकीची माहिती गेली आहे. संपूर्ण कारखान्याच्या ग्रुप-पत्त्यावर पाठवलेला मेल परत आला, तर बहुधा त्या ग्रुपवर लिहिण्याची परवानगी मोजक्याच लोकांना असते. अशा वेळी आयटीकडे परवानगी मागत बसू नये. तो मेल एचआरकडे सोपवावा. एखाद्याने Reply all करून सर्वांसमोर जुनी तक्रार मांडली, तर त्याच साखळीत ‘मुद्दा नोंदवला आहे, आज दुपारी आपल्याशी बोलते’ एवढे उत्तर द्यावे आणि खरोखर त्याच दुपारी बोलावे.

आणि उत्तरच आले नाही तर? तीन कामाचे दिवस थांबावे. मग तोच मेल पुन्हा न पाठवता त्या विभागात जाऊन विभागप्रमुखांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या माणसाला गाठावे. चाकणच्या उदाहरणात क्वालिटीच्या प्रमुखांपेक्षा इनवर्ड तपासणीच्या टेबलावरच्या इन्स्पेक्टरकडे नाकारलेल्या कास्टिंगची अधिक नेमकी माहिती असते. त्यांच्याशी दहा मिनिटे बोलून समजलेला एक मुद्दा प्रमुखांना कळवला, तर भेटीची वेळ बहुधा तेच ठरवतात.