उन्हाची तिरीप, धूळ, धूर आणि आडवा वारा: हायवेवर दुचाकी कशी सांभाळावी

एप्रिल-मे महिन्यात दुपार कलल्यावर सोलापूरहून पुण्याकडे दुचाकीवर निघालात, तर एकाच प्रवासात चारही गोष्टी गाठतात. हा रस्ता साधारण वायव्येकडे जातो, त्यामुळे साडेपाचनंतर सूर्य जवळजवळ नाकासमोर येतो. टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यात ऊस तुटून गेलेला असतो आणि कुठल्या तरी रानात पाचट पेटवलेलं असतं. त्यातच दिवसभराच्या उकाड्यानंतर वळीव उठला, तर पावसाच्या आधी धूळ येते आणि धुळीबरोबर वारा. म्हणून उदाहरणासाठी हाच रस्ता घेतला आहे. चारचाकीवाल्यांसाठी वेगळं काही करायचं असेल तिथे ते सांगितलं आहे.

आधी वेग, मग बाकीचं

समोरचं दिसेनासं झालं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: मला जेवढं दिसतंय, तेवढ्या अंतरात माझी गाडी थांबेल का? ताशी 80 च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो, त्यात 33 मीटर गेले. पुढे चांगल्या कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लावला तरी आणखी 35-40 मीटर लागतात. म्हणजे एकूण सत्तर-पंचाहत्तर मीटर. ताशी 40 वर हेच अंतर 25-30 मीटरवर येतं. रस्त्यावर धूळ पसरलेली असेल, मागे माणूस बसला असेल किंवा टायर गुळगुळीत झाले असतील, तर त्याहून जास्त धरा.

चालत्या गाडीवर मीटर मोजत बसता येत नाही, म्हणून सेकंद मोजायचे. धुळीतून किंवा धुरातून एखादा खांब, मैलाचा दगड नुकताच दिसू लागला की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणत मोजायला लागा. चार मोजून व्हायच्या आत तुम्ही त्याच्यापाशी पोचत असाल, तर वेग जास्त आहे. कमी करा आणि पुन्हा मोजा.

वेग कमी करताना मात्र एकदम ब्रेक दाबू नका. मागच्यालाही तुमच्याइतकंच अंधुक दिसत असतं. आधी अ‍ॅक्सिलरेटरचा पीळ सोडा, आरशात बघा, ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून मागचा लाल दिवा लुकलुकू द्या, मग दोन्ही ब्रेक सावकाश वाढवत न्या.

सूर्य डोळ्यांवर आला की

सूर्य मावळायच्या आधीचा तास-दीड तास आणि उगवल्यानंतरचा तेवढाच वेळ त्रासाचा. इथे सूर्याइतकाच दोष काचेचा असतो. हेल्मेटच्या काचेवरची धूळ कोरड्या फडक्याने किंवा बाहीने पुसली की बारीक चरे पडतात. एरवी ते दिसत नाहीत, पण समोरून ऊन आलं की काच दुधासारखी पांढरी होते. निघायच्या आधी काचेवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून द्या, धूळ सुटली की मगच हलक्या हाताने पुसा. चरे पडलेली काच बदलूनच टाका. गाडीची पुढची काच बाहेरून पुसतो, पण आतल्या बाजूला तेलकट थर साचलेला असतो. उन्हात तोच जास्त आंधळं करतो.

हेल्मेटच्या काचेच्या अगदी वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची काळी इलेक्ट्रिकल टेप आतून न लावता बाहेरून आडवी लावा. मान थोडी खाली केली की सूर्य पट्टीमागे जातो आणि रस्ता मोकळा दिसत राहतो. संपूर्ण काळी काच घेऊन निघू नका. सूर्य बुडाल्यावर पुढच्या वीस मिनिटांत तीच काच जिवावर बेतते.

अजून एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. सूर्य तुमच्या पाठीशी असला की तुम्हाला सगळं लख्ख दिसतं, पण समोरून येणारा आणि आडव्या रस्त्यावरून वळणारा ट्रॅक्टरवाला त्या वेळी तुमच्या दिशेने बघून काहीच पाहू शकत नाही. तुमची सावली तुमच्या पुढे लांब पडली असेल, तर त्याने आपल्याला पाहिलंच नाही असं धरून चौकात शिरा.

धूर रस्त्यावर आडवा आला की

दुपारी पाचटाचा धूर वर जातो. संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार व्हायला लागली की तोच धूर वर चढत नाही, खालीच पसरतो आणि रस्त्याच्या खोलगट भागात साचून राहतो. त्यामुळे लांबून विरळ वाटलेल्या धुरातही आत गेल्यावर समोरची ट्रॉली दिसत नाही. उसाच्या हंगामात तर मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा जोडट्रॉल्या याच रस्त्यांवर रांगतात.

धुराच्या अलीकडेच थांबून बघा. पलीकडचा रस्ता किंवा पलीकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत असतील तरच पुढे जा. पलीकडचं काहीच दिसत नसेल, तर रस्त्याच्या खाली उतरून थांबा. वारा जरा फिरला की धूर बहुतेक वेळा हटतो. बांधावरच्या ज्वाळा रस्त्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतील, तर धूर विरळ असला तरी जाऊ नका. आत शिरलातच तर दिवा डिपरवर ठेवा. अपरचा उजेड धुरावरून उलटा डोळ्यांत येतो. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून सावकाश चला, पण मधेच थांबू नका आणि ओव्हरटेक तर अजिबात करू नका. गाडीत असाल तर काचा बंद करा आणि एसी आतली हवा फिरवणाऱ्या बटणावर ठेवा.

वळवाची धूळ

ही सगळ्यात धोक्याची, कारण ती मिनिटभरात येते. पण तिची चाहूल लागते. दुपारभर कोंदट उकडत असतं, एका बाजूला आभाळ काळं होतं, वारा पडतो, पान हलत नाही. मग अचानक गार झुळूक येते. उंच ढगातून गार हवा जोरात खाली कोसळून चहूकडे पसरते, तिचीच ही पुढची धार असते. ती नांगरलेल्या रानांवरून येताना माती उचलते, त्यामुळे क्षितिजालगत तांबूस भिंत उभी राहिल्यासारखी दिसते. ही भिंत दिसली की हातात थोडीच मिनिटं असतात. ती पुढचं गाव गाठण्यासाठी वापरू नका, जागा शोधण्यासाठी वापरा.

पेट्रोल पंप, ढाब्याची पक्की इमारत, सर्व्हिस रोडवरचं दुकान, यातलं जे आधी मिळेल तिथे आत जा. झाड, जाहिरातीचा फलक, पत्र्याची शेड आणि विजेचे खांब टाळा. वाऱ्यात हीच आधी पडतात आणि झाडाखाली विजेचीही भीती असते. उड्डाणपुलाखाली भर रस्त्यात घोळका करून थांबायची सवय तर सोडाच. मागून येणाऱ्याला धुळीत तो घोळका दिसत नाही.

जागा मिळायच्या आधीच धुळीने गाठलं, तर रस्ता सोडून जितकं बाजूला जाता येईल तितकं जा. नुसत्या साइडपट्टीवर थांबू नका. पूर्ण बाहेर गेल्यावर सगळे दिवे बंद करा. हे विचित्र वाटेल, पण कारण साधं आहे: धुळीत मागचा ड्रायव्हर पुढच्या लाल दिव्याचा माग काढत येतो आणि तुम्ही चालताय असं समजून थेट तुमच्यावर येतो. एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला असतो, म्हणून किल्लीच बंद करा. कारमध्ये हँडब्रेक लावून पाय ब्रेकवरून काढा, नाहीतर मागचे दिवे पेटतच राहतात. गाडी बंद पडून रस्त्यातच अडकली असेल, तर मात्र उलट करायचं: चारही इंडिकेटर चालू ठेवायचे आणि माणसांनी गाडी सोडून रस्त्यापासून लांब जायचं. दुचाकीवाल्यांनीही गाडीला टेकून उभं राहू नये. दहा-पंधरा पावलं रानात जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून खाली बसावं.

आडवा वारा आणि ट्रकची आड

धूळ विरळ झाली तरी वारा राहतो. समजा, उजवीकडून जोराचा वारा आहे आणि तुम्ही ताशी 60 ने चाललाय. गाडी सरळ ठेवायला तुम्ही नकळत उजवीकडे कललेले असता. आता उजव्या बाजूने एक रिकामा कंटेनर तुम्हाला ओलांडायला लागतो. त्याच्या आडोशाने वारा एकदम थांबतो, पण तुमचा कल तसाच असतो, म्हणून गाडी कंटेनरकडे ओढली जाते. घाबरून तुम्ही डावीकडे घेता, तेवढ्यात कंटेनर पुढे निघून जातो आणि थांबलेला वारा पुन्हा थाडकन बसतो. आता डावीकडे जाण्याचा जोर दुप्पट होतो आणि तुम्ही साइडपट्टीच्या खडीत उतरता.

यावर उपाय म्हणजे कंटेनर आरशात दिसताच वेग 45-50 वर आणणं, आपल्या लेनच्या मध्यावर येणं आणि त्याला लवकर पुढे जाऊ देणं. हँडल आवळून धरू नका. आवळलेल्या हातांतून अंगाला बसणारा प्रत्येक धक्का थेट हँडलमध्ये उतरतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपरं सैल सोडा आणि कंबरेतून थोडं वाका. स्कूटरला टाकी नसते, चाकं लहान असतात आणि ती वाऱ्याला लवकर बळी पडते, म्हणून तिचा वेग अजून कमी हवा. मागे बसलेल्या व्यक्तीने ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा आणि चिकटून बसावं. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या वाऱ्यात शिडासारखं काम करतात, त्या उतरवून मधे बांधा.

झोत कुठे बसणार हे आधी ओळखता येतं. पुलावर, डोंगर कापून केलेला रस्ता संपतो तिथे, उंच उसाचा फड संपून मोकळं रान लागतं तिथे आणि उजनीच्या पसरलेल्या पाण्याजवळ. ढाब्यावरचे झेंडे आणि बांधावरच्या बाभळी किती झुकल्यात हे बघत चला. कारवाल्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं, थोडंच वळवावं आणि झोत संपताच हात लगेच सैल करावा.

दुचाकी उभी असतानाही ढकलली जात असेल, किंवा लेनमध्ये ती राखायला प्रत्येक झोताला झगडावं लागत असेल, तर थांबायची वेळ झाली.

थेंब पडायला लागले की

धूळ बसली, टपोरे थेंब आले की सगळे हुश्श करून एकदम निघतात. त्या वेळी रस्त्यावरची माती, टायरचं रबर आणि सांडलेलं ऑइल पाण्यात कालवून निसरडा लेप झालेला असतो. पाऊस जोरात पडून तो धुऊन जायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ थांबा. तोवर काचेवर पाणी ओतून माती वाहून जाऊ द्या, मागचा दिवा आणि नंबरप्लेट पुसा. वायपर कोरड्या धुळीवर फिरवू नका, आधी पाणी मारा. निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पडलेल्या फांद्या, उडालेले पत्रे आणि लोंबणाऱ्या तारा धरून चला. कडेच्या रानातून वाहून आलेली माती उताराच्या पायथ्याशी साचते, तिथे ब्रेक आधीच सोडून सरळ रेषेत जा.