या चुका टाळा: अक्षर दोनदा उमटले म्हणून ऑप्टिकल कीबोर्ड घेण्यापूर्वी

एकदाच की दाबूनही अक्षर दोनदा उमटू लागले की स्विच झिजला असे मानून प्रकाशाच्या साहाय्याने दाब ओळखणारा ऑप्टिकल कीबोर्ड मागवला जातो. पण झिजेचा हिशेब निराळे सांगतो. धातूचे पाते टेकून चालणाऱ्या स्विचचे आयुष्य उत्पादक साधारण 5 कोटी दाब सांगतात, तर ऑप्टिकलचे बहुधा 10 कोटी. रोज 30,000 वेळा की दाबणाऱ्याच्या सर्वाधिक वापरातल्या कीवर 3,000 दाब पडतात असे धरले, तरी 5 कोटींचा आकडा गाठायला 45 वर्षे लागतील. त्याआधीच तक्रार सुरू झाली असेल, तर धूळ, दमट हवा, चुकून पात्यावर लागलेले वंगण किंवा सैल सोल्डर यांवर आधी संशय घ्यावा.

पाती एकमेकांवर टेकताना क्षणभर उसळतात आणि तेवढ्यात संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. हा गोंधळ शमेपर्यंत थांबण्याचे काम फर्मवेअरमधील डीबाउन्स करतो. QMK या कीबोर्डच्या मुक्त फर्मवेअरमध्ये तो मुळात 5 मिलिसेकंदांचा असतो. पाते मळले की उसळी लांबते आणि ही मुदत अपुरी पडते. की सुटल्याची आणि पुन्हा दाबल्याची वेळ दाखवणाऱ्या चाचणीत हे अंतर 8 मिलिसेकंद भरले, तर ते बोटाचे काम नव्हे, एवढे नक्की. अशा वेळी शेजारच्या कीशी स्विचची अदलाबदल करावी. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच बदलावा. तो जागेवरच राहिला तर सॉकेट आणि सोल्डर तपासावे. तोवर QMK च्या config.h फाइलमध्ये मुदत वाढवून काम भागते:

```
#define DEBOUNCE 10
```

मात्र QMK च्या मूळ पद्धतीत प्रत्येक दाब तेवढाच उशिरा पोहोचतो, म्हणून ही संख्या 30-40 पर्यंत नेणे ही दुसरी चूक ठरते; शिवाय आजार तसाच राहतो.

ऑप्टिकल स्विचमध्ये दांडा अवरक्त प्रकाशाची वाट अडवतो किंवा मोकळी करतो. धातूचा संपर्कच नसल्याने ही उसळी नसते आणि डीबाउन्सची मुदत जवळपास शून्यावर आणता येते. पण प्रकाश देणारा व टिपणारा भाग बहुतेक रचनांत बोर्डावर असतो. त्यामुळे की मुकी झाली आणि तिथली धूळ पुसूनही फरक पडला नाही, तर नवा स्विच बसवून काही साधत नाही.

स्पर्शाबाबतची अपेक्षाही तपासून घ्यावी. साध्या टॅक्टाइल स्विचमध्ये दांड्याचा उंचवटा संपर्काच्या पात्यावरून घसरतो आणि तोच अडथळा बोटाला जाणवतो. ऑप्टिकलमध्ये हे पाते नसल्याने सरळ दाबाचे स्विच विशेष गुळगुळीत लागतात. अडथळा किंवा टिकटिक हवी असेल, तर त्यासाठी वेगळा भाग बसवावा लागतो आणि त्याची जाणीव निराळी असते. माझ्या मते लेखनासाठी टॅक्टाइल स्विच आवडणाऱ्याने प्रत्यक्ष दाबून पाहिल्याशिवाय बदल करू नये. सोल्डर न करता स्विच बदलता येणाऱ्या जुन्या हॉट-स्वॅप बोर्डात ऑप्टिकल स्विच चालत नाहीत आणि एका उत्पादकाचे ऑप्टिकल स्विच दुसऱ्याच्या बोर्डात बहुधा काम करत नाहीत, हेही खरेदीपूर्वी पाहावे.